नोकरी सांभाळून सहा महिन्यांत पुस्तकाचं हस्तलिखित: रोजच्या शब्दांच्या हिशोबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बदलापूरला राहते आणि मुंबईत फोर्टमधल्या एका बँकेत नोकरी करते. २०२५ च्या ६ जानेवारीला कादंबरीची तयारी सुरू केली आणि ६ जुलैला हस्तलिखित हातावेगळं केलं. विषय गिरणगावातली एक खाणावळ आणि १९८२ चा संप. तेव्हापासून ओळखीतले लिहिणारे लोक वेळापत्रकाबद्दल विचारत असतात, आणि प्रश्न बहुधा तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. आकडे माझ्या वहीतले आहेत.

सहा महिन्यांत पुस्तक लिहायचं तर रोज किती शब्द लिहावे लागतात?

बहुतेक जण ६०,००० भागिले १८० करतात आणि ३३३ हा आकडा घेऊन बसतात. हा आकडा फसवा आहे. त्यात १८० च्या १८० दिवस लिहिणार असं धरलेलं असतं, आणि शेवटच्या दिवशी शेवटचा शब्द लिहिला की पुस्तक तयार, असंही धरलेलं असतं. पण त्या दिवशी हातात असतो तो पहिला खर्डा. तो जसाच्या तसा कुणाला वाचायला देता येत नाही.

म्हणून मी सहा महिने आधी आठवड्यांत मोजले. एकूण २६ आठवडे. पहिले दोन आराखड्याला, पुढचे सतरा पहिल्या खर्ड्याला, मग दोन आठवडे हस्तलिखित कपाटात, त्यानंतर चार आठवडे दुसरा हात फिरवायला आणि शेवटचा एक शुद्धलेखन आणि फाइलच्या कामाला. खर्ड्याच्या सतरा आठवड्यांतले मार्चअखेरचे दोन मी आधीच वजा केले, कारण त्या काळात बँकेतून रात्री आठ-नऊशिवाय सुटका नसते. उरले पंधरा. पंधरा आठवड्यांत ६०,००० म्हणजे आठवड्याला ४,०००. खरं लक्ष्य हे आहे. रोजचा आकडा त्यातूनच काढायचा.

६०,००० हाच आकडा का? इंग्रजी कादंबरीला तर ८०,००० ते एक लाख सांगतात.

मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. ‘खाणावळीसमोरच्या’ हा आपला एक शब्द, तोच इंग्रजीत तीन-चार शब्दांचा होतो. त्यामुळे तेवढाच मजकूर मराठीत कमी शब्दांत बसतो. इंग्रजी पुस्तकांसाठी सांगितलेले आकडे डोळे झाकून घेतले तर आपण स्वतःवर विनाकारण तिसरा हिस्सा बोजा वाढवून घेतो.

तुमचा आकडा काढायची सोपी रीत अशी: तुम्हाला जेवढं जाड पुस्तक हवंय तसं घरातलं एखादं मराठी पुस्तक घ्या. मधलं कुठलंही एक भरलेलं पान उघडून त्यावरचे शब्द मोजा. डेमी आकाराच्या पुस्तकात ते साधारण २५० ते ३०० भरतात, संवाद जास्त असतील तर कमी. त्या आकड्याला पानांच्या संख्येने गुणा. २७० शब्दांच्या हिशोबाने ६०,००० म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास पानं. पहिल्या कादंबरीला एवढं पुष्कळ झालं.

माझा वेग किती आहे हे कसं ओळखू?

अंदाज बांधू नका, मोजा. आराखड्याच्या दोन आठवड्यांत मी तीन वेगवेगळ्या सकाळी घड्याळ लावून प्रत्येकी पाऊण तास कादंबरीतलाच मजकूर लिहिला. ३४०, ३९० आणि ३६५ शब्द झाले. म्हणजे तासाला साधारण ४८५. त्यावरून रोजचे ५०० ठरले, कारण मला सकाळी मिळू शकणारा वेळ होता एक तास, फार तर दहा मिनिटं वर.

चाचणी तुमच्या खऱ्या वेळेला आणि खऱ्या मजकुरावर घ्या. रविवारी दुपारी निवांतपणे आठवणी लिहिल्या तर तासाला नऊशे होतील, पण तो वेग मंगळवारी पहाटे कामाला येणार नाही. समजा तुमचा वेग तासाला ३०० आणि वेळ एकच तास आहे. मग आठवड्याला २,४०० च्या वर जाणार नाही आणि पंधरा आठवड्यांत ३६,००० होतील. अशा वेळी पुस्तक छोटं ठरवा, नाहीतर मुदत सहाची नऊ महिने करा. झोपेतून तास काढायला जाऊ नका. तो प्रयोग मी पहिल्याच आठवड्यात केला होता. चौथ्या दिवशी काउंटरवर रक्कम दोनदा मोजायची वेळ आली.

आठवड्याचं प्रत्यक्ष वेळापत्रक कसं होतं?

सोमवार ते शुक्रवार रोज ५०० शब्द, पहाटे पाच ते सहा वाजून दहा. रविवारी १,५००, दोन बैठकांत. सकाळी ८०० आणि दुपारच्या जेवणानंतर वामकुक्षी झाली की ७००. पाच पाचशे २,५०० आणि रविवारचे १,५००, मिळून ४,०००.

शनिवार कोरा. हा शनिवार मला फार मोलाचा वाटतो आणि लोक नेमका तोच काढून टाकतात. आठवड्यात एखादी पहाट बुडाली तर तिची भरपाई शनिवारी करायची, नाही बुडाली तर शनिवारी वहीला हात लावायचा नाही. दुसरा आणि चौथा शनिवार बँकेला सुट्टी, त्यामुळे मोह व्हायचा की आज आणखी हजार उरकून टाकू. दोनदा मोहाला बळी पडले. दोन्ही वेळा पुढचा सोमवार कोरडा गेला.

पहाटेच्या वेळेचेही भाग होते. पहिली दहा मिनिटं कालचं वाचायचं, फक्त वाचायचं, दुरुस्ती नाही. फार खुपलं तर समासात फुली. मग तासभर पुढे. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप पोस्टखात्यात नोकरी करायचा आणि साडेपाच ते साडेआठ लिहायचा. त्यातला पहिला अर्धा तास तो आदल्या दिवसाचं वाचण्यात घालवी आणि मग घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिही. त्याचा वेग आपल्या कामाचा नाही. वाचण्याचा तो अर्धा तास मात्र उगाच नव्हता. कालच्या वाक्यांची लय कानात आल्याशिवाय आजचं पहिलं वाक्य बेसूर लागतं, आणि ते शोधण्यातच वीस मिनिटं जातात.

पहाटे उठणं जमत नाही. लोकलमध्ये लिहिता येईल का?

मला नाही आलं. बदलापूरहून सीएसएमटीला दीड तासाच्या आसपास लागतो, म्हणून सुरुवातीला वाटलं होतं की सगळी कादंबरी डब्यातच होईल. पण बसायला मिळेल याचा भरवसा नाही, आणि मिळालं तरी कल्याण-डोंबिवलीची गर्दी चढली की कोपर हलवायला जागा उरत नाही. मोबाइलवर अंगठ्याने १५०-२०० शब्द व्हायचे आणि घरी येऊन त्यातले निम्मे पुन्हा लिहावे लागायचे.

लोकल दुसऱ्या एका कामाला उत्तम आहे: उद्याच्या दृश्याचा विचार. परतीच्या प्रवासात उद्या पहाटे काय लिहायचं ते मनात घोळवायचं आणि उतरण्याआधी मोबाइलवर तीन ओळी टिपायच्या. या तीन ओळी असल्या की पहाटेचा तास लिहिण्यात जातो. नसल्या की छताकडे बघण्यात जातो.

रात्री लिहिणारे माझ्या ओळखीत आहेत. त्यांचं चालतं, पण त्यांची नोकरी ठरल्या वेळी संपते. ज्यांचा साहेब सहाला ‘जरा थांबता का’ म्हणतो त्यांनी रात्रीवर विसंबू नये.

एक दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहायचं का?

नाही. सहा महिन्यांची बहुतेक वेळापत्रकं इथेच मोडतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दुप्पट लिहिण्याचं गणित असं चालतं: सोमवारी ५०० राहिले, म्हणून मंगळवारी १,०००. मंगळवारी ५०० च होतात, कारण तास तेवढाच आहे. मग बुधवारीही १,०००. बुधवारी डोक्यावर तो आकडा घेऊन बसल्यामुळे ३०० च होतात. गुरुवारी १,२०० दिसतात आणि माणूस टेबलाकडे फिरकतच नाही. थकबाकी एका हप्त्यात वसूल करायला गेलं की खातं बुडतं, हे बँकेत रोज दिसतं. हप्ते पाडून द्यावे लागतात.

माझं खातं असं होतं. पहिल्या चार आठवड्यांत ४,१००, ३,९००, ४,२०० आणि ३,८००, म्हणजे बरोबर १६,०००. पाचव्या आठवड्यात ताप आला, १,४०० च झाले. सहाव्यात अशक्तपणा होता, ३,६००. सहा आठवड्यांअखेर हवे होते २४,०००, होते २१,०००. तीन हजारांची तूट. ती एका रविवारी भरून काढायची म्हटलं तर त्या रविवारचे १,५०० धरून ४,५०० शब्द, नऊ-दहा तास. त्याऐवजी उरलेले ३९,००० उरलेल्या नऊ आठवड्यांत वाटले. आठवड्याला ४,३३३ आले. म्हणजे लिहिण्याच्या दिवसाला पन्नास-साठ शब्द जास्त, एक परिच्छेदसुद्धा नाही. भीती तिथेच गेली.

हा हिशोब आठवड्यातून एकदाच, रविवारी रात्री करायचा. मी स्प्रेडशीट वापरली. B2 ते B18 अशा सतरा ओळी, दर ओळीत त्या आठवड्याचे शब्द. मार्चअखेरच्या दोन ओळी कोऱ्या. बाजूच्या एका चौकटीत हे सूत्र:

```
=(60000-SUM(B2:B18))/(15-COUNT(B2:B18))
```

वरचा भाग उरलेले शब्द सांगतो, खालचा उरलेले आठवडे. कोऱ्या ओळी COUNT मोजत नाही, म्हणून सुट्टीच्या आठवड्यात शून्य लिहू नका, चौकट रिकामीच ठेवा. पंधरावा आठवडा भरला की भागाकार शून्याने होतो आणि चूक दाखवली जाते. तोवर खर्डा संपलेला असतो.

आणि तूट वाढतच गेली तर?

आधीच एक कमाल मर्यादा ठरवा. माझी आठवड्याला ५,००० होती. सूत्राने त्याच्या जवळपासचा आकडा दाखवला की वेग वाढवायचा नाही, पुस्तक कापायचं किंवा तारीख हलवायची.

माझ्यावर ती वेळ आली. सातव्या, आठव्या आणि नवव्या आठवड्यांत मार्चचा भार वाढत गेला. ३,९००, ३,००० आणि २,६०० झाले. २३ मार्चला एकूण ३०,५००. उरलेले २९,५०० सहा आठवड्यांत, म्हणजे आठवड्याला ४,९१७. मुळात ४,००० लाच धाप लागत होती.

त्या रविवारी आराखडा समोर पसरला. २४ प्रकरणं होती, प्रत्येकी २,५०० शब्दांची. त्यातली दोन, खाणावळवालीच्या पुतण्याच्या साताऱ्यातल्या जमिनीच्या भांडणाची होती. अजून लिहिली नव्हती. ती काढली तर गोष्टीचं काय अडतं, असं स्वतःला विचारलं. काहीच अडत नव्हतं. पुतण्या गावाहून परत येतो एवढं एका वाक्यात सांगता येत होतं. लक्ष्य ५५,००० झालं आणि आठवड्याचा आकडा ४,०८३. कादंबरी त्याने सुधारली असं माझं प्रामाणिक मत आहे. लिहिलेलं कापायला जीव तुटतो, न लिहिलेलं कापायला नाही. म्हणून हा निर्णय अर्ध्या वाटेवर घ्यावा, शेवटी नाही.

कामाचा मोसम आला की सगळं थांबतं. पुन्हा सुरू कसं करायचं?

तो मोसम तुम्हाला आधीपासून माहीत असतो. बँकेत मार्च, शाळेत परीक्षा आणि पेपरतपासणी, कर सल्लागाराच्या कचेरीत विवरणपत्रांची मुदत. कॅलेंडरवर तो आधीच खोडून टाका. मी २४ मार्च ते ६ एप्रिल खोडले होते. पाडवाही त्यातच आला. त्या दोन आठवड्यांत एकही शब्द लिहिला नाही आणि टोचणीही लागली नाही, कारण ते दिवस कुणाकडून उसने घेतलेले नव्हते.

थांबताना मात्र एक काळजी घेतली. प्रकरण संपवून थांबले नाही, दृश्याच्या मधोमध थांबले. खाणावळवाली उधारीची वही उघडते आणि एक नाव खोडते, इथे लेखणी ठेवली आणि खाली साध्या भाषेत पुढचं टिपून ठेवलं: ‘नाव कुणाचं ते सांगू नको. मुलगी बघते. बाहेर मोर्चाचा आवाज. ती भाकरी उलटते.’ ७ एप्रिलला पहाटे बसले तेव्हा आधीचं सगळं विसरल्यासारखं झालं होतं, पण या चार ओळींवरून हात सुरू झाला. त्या दिवशी ३८० झाले. पहिल्या दोन दिवसांत ५०० ची अपेक्षा धरू नका.

वेळ असतो, पण आज काय लिहायचं तेच सुचत नाही. मग शब्दसंख्येचा काय उपयोग?

काहीच नाही. नुसता आकडा म्हणजे रिकाम्या डब्यावर लावलेलं लेबल. म्हणूनच पहिले दोन आठवडे आराखड्याला दिले होते. प्रत्येक प्रकरणाची पाच दृश्यं पाडली, एकेक साधारण ५०० शब्दांचं, आणि प्रत्येकासाठी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाचा एक तुकडा. २४ प्रकरणांचे १२० तुकडे. एक पहाट, एक तुकडा. रविवारी तीन.

तुकड्यावर फार लिहायचं नाही. माझ्या ४१ क्रमांकाच्या तुकड्यावर एवढंच होतं: ‘पगाराची तारीख, पण पगार नाही. अकरा डबे परत. कुणी तोंड वर करत नाही. शेवटी: ती वही बंद करून वरच्या फळीवर ठेवते.’ कुठे, काय घडतं आणि कशावर संपतं. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण शेवट ठाऊक असला की ५०० शब्दांत दृश्य आवरता येतं.

लिहिताना तुकडे बदलतात. तीसेक तरी मी मधेच फाडून नवे केले. रविवारी हिशोब झाला की पुढच्या आठवड्याचे आठ तुकडे काढून टेबलावर ओळीने मांडायचे, एवढाच नेम होता.

शब्द मोजायचे कसे? मी वहीत लिहितो.

वहीतल्या भरलेल्या दहा ओळींचे शब्द मोजा, दहाने भागा. ओळीला ९ आले आणि पानावर २४ ओळी असतील तर पानाला २१६. म्हणजे ५०० साठी सव्वादोन पानं. पुढे शब्द मोजायचेच नाहीत, पानं मोजायची. पण टाइप करण्याचा वेळ वेळापत्रकात धरा. वहीतले ५५,००० शब्द संगणकावर घालणं हे महिन्याभराचं वेगळं काम आहे. दर शनिवारी थोडं थोडं करत गेलात तर निभेल, नाहीतर कुणाला पैसे देऊन करून घ्या.

संगणकावर मोजणी आपोआप होते, पण ती दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर चालते. ‘घरा मध्ये’, ‘त्याच्या साठी’ असं तोडून लिहायची सवय असेल तर आकडा फुगतो. हे शब्द मराठीत जोडूनच लिहायचे असतात.

बोलून टाइप करणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. तासाला दोन हजार शब्द सहज होतात, पण मला विरामचिन्हं आणि चुकीचे उमटलेले शब्द दुरुस्त करायला जवळजवळ तेवढाच वेळ लागला, आणि वाक्यं गप्पा मारल्यासारखी लांबत गेली. संवादांना ही रीत बरी. वर्णनाला नाही.

एका महिन्यात ५०,००० शब्द लिहितात म्हणे. मग सहा महिने कशाला?

तो नोव्हेंबर महिन्यात चालणारा अमेरिकन उपक्रम, नॅनोरायमो. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाला, आणि तो चालवणारी संस्था बंद होत असल्याची घोषणा २०२५ मध्ये झाली. रोजचे १,६६७ शब्द. माझ्या वेगाने साडेतीन तास. नोकरी, येण्याजाण्याचे तीन तास आणि घर असताना मी ते चार दिवसही टिकवू शकले नसते.

पाचशे भरण्यासाठी मी पाल्हाळ लावतोय का, हे कसं कळेल?

खुणा असतात. पात्रं उठतात, चहा करतात, खिडकीबाहेर बघतात. एकच गोष्ट आधी निवेदनात सांगितली जाते आणि मग संवादात पुन्हा येते. विशेषणं जोडीने येऊ लागतात. माझ्या खर्ड्यात तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी सारखं ‘दीर्घ श्वास’ घेत होतं. फाइलमध्ये शोधलं तर सतरा वेळा.

असं दिसलं की आकडा सोडायचा. त्या दिवशी २०० वर थांबा आणि उरलेला वेळ तुकड्यावर घाला. दृश्य का हलत नाही ते शोधा. बहुतेकदा त्यात काही घडतच नसतं, किंवा ज्याला काही हवं आहे तो माणूस त्या खोलीत नसतो. तुटीचं रविवारी बघता येतं.

उलटही होतं. हात चालू लागला की ५०० वर थांबवत नाही. मी ७०० पर्यंत सूट दिली होती, त्यापुढे नाही. पुढचं ठाऊक असताना थांबलं की दुसऱ्या पहाटे सुरुवात शोधावी लागत नाही.

कादंबरी नसून माहितीपर पुस्तक असेल तर?

वेळापत्रकाचा सांगाडा तोच, पण संदर्भ शोधण्याचा वेळ शब्दांच्या वेळेत मिसळू नका. पहाटेच्या तासात पुस्तकं उघडलीत तर तास गेला. लिहिताना माहिती नसेल तिथे चौकोनी कंस करून ‘आकडा बघ’ एवढं टाका आणि पुढे जा. शनिवारी सगळे कंस भरा. म्हणजे तुमचा शनिवार कोरा राहणार नाही, म्हणून आठवड्याचं लक्ष्य ३,५०० वर आणा.

खर्डा संपल्यावरच्या आठवड्यांत काय करायचं?

१८ मे रोजी माझा खर्डा ५४,६०० शब्दांवर संपला. लक्ष्यापेक्षा चारशे कमी, पण गोष्ट पूर्ण होती. मग १ जूनपर्यंत फाइल उघडली नाही. हे दोन आठवडे वाया जात नाहीत. आपलं लिखाण परक्यासारखं वाचता येण्यासाठी तेवढा काळ जावाच लागतो. खर्डा लांबला तर यातला पहिला आठवडा वापरता येतो, दुसरा नाही.

२ ते २९ जून दुसरा हात. आता शब्द मोजायचे नाहीत, पानं मोजायची. खर्डा एका बाजूला छापून घेतला, २०२ पानं झाली. चार आठवडे, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे २४ दिवस. रोज आठ-नऊ पानं. इथे मात्र लोकल उपयोगी पडली, कारण कागदावर पेन्सिलने खुणा करायला फार जागा लागत नाही. जाताना खुणा, दुसऱ्या पहाटे त्याच पानांची फाइलमध्ये दुरुस्ती. या फेरीत शब्द वाढवायचे नाहीत असं ठरवलं होतं. ५४,६०० चे ५०,९०० झाले. बरेचसे दीर्घ श्वास तिथेच गेले.

शेवटच्या आठवड्यात काय काय उरतं?

ऱ्हस्व-दीर्घ, अवतरणचिन्हं आणि नावं. माझ्या एका गिरणी कामगाराचं नाव सहाव्या प्रकरणात तुकाराम होतं आणि एकोणिसाव्यात सखाराम. नावांची यादी करून एकेक नाव फाइलमध्ये शोधलं तर हे सापडतं, वाचताना सापडत नाही.

फाइल युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं असेल तर युनिकोडमध्ये रूपांतर करून प्रत्येक पान डोळ्यांखालून घाला, कारण जोडाक्षरं आणि रफार तिथे बिघडतात. एका पानाला तीन मिनिटं धरली तरी २०० पानांना दहा तास लागतात, म्हणून हे काम शेवटच्या रविवारवर ढकलू नका.

माझा शेवटचा रविवार ६ जुलै होता, आषाढी एकादशी. सकाळी उरलेली अकरा पानं तपासली, फाइलच्या तीन प्रती केल्या, एक पेन ड्राइव्हवर, एक स्वतःलाच मेलने आणि एक भावाकडे. मग उपासाची खिचडी टाकायला उठले.